मुलाखतीचे पहिले मिनिट : पाणी, कार्यक्रम आणि पहिला प्रश्न उमेदवाराचा

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी तपासणी विभाग पाहतो. आमच्याकडे इन्स्पेक्टरच्या जागा निघाल्या की खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी अशा तालुक्यांतून आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुले-मुली अर्ज करतात. त्यांतल्या पुष्कळ जणांची ती आयुष्यातली पहिलीच मुलाखत असते. कुणी पहाटेची एसटी पकडून आलेला असतो, कुणी आदल्या रात्रीच शहापूर-वडगावला नातेवाइकांकडे मुक्कामाला आलेला असतो. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी उमेदवाराचे स्वागत करण्याचे आणि सुरुवात करून देण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या पहिल्या एका मिनिटात नेमके काय करावे, हे आम्ही हळूहळू ठरवत गेलो. ते जसे ठरत गेले तसे येथे लिहितो आहे, कारण मुलाखत कशी द्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ती घेणाऱ्याने सुरुवात कशी करावी यावर आमच्या भागात फारसे कुणी बोलत नाही.

आमच्या मुलाखतीत बोलण्याबरोबर एक प्रत्यक्ष काम असते. उमेदवाराला एक ड्रॉइंग आणि एक तयार जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, दिला जातो, आणि मायक्रोमीटरने त्याचा व्यास मोजून तो ठेवायचा की नाकारायचा हे सांगायला सांगितले जाते. माणूस घाबरलेला असला की या कामात काय घडते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे. बोटांना घाम सुटतो आणि मायक्रोमीटरचा दांडा निसटू लागतो. पुरेसा दाब आल्यावर वाजणाऱ्या टोकाच्या रॅचेटचा टक-टक आवाज येईपर्यंत थांबायचे, हे माहीत असूनही हात आकड्यांचा फिरता भाग, म्हणजे थिंबलच, आवळतो, आणि माप शतांश-दोन शतांश मिलिमीटरने कमी येते. आमच्या कामात तेवढ्या फरकाने चांगला जॉब भंगारात जातो किंवा वाईट जॉब गिऱ्हाइकाकडे जातो. म्हणजे त्या क्षणी आम्ही मुलाची मोजणी तपासतो आहोत असे आम्हाला वाटत असते, आणि प्रत्यक्षात कागदावर उतरत असते त्याची भीती. झिरो न तपासता घेतलेल्या मापासारखेच हे आहे. आकडा दिसतो, पण त्यात उपकरणाची चूक किती आणि जॉबचा आकार किती हे वेगळे करता येत नाही.

मुलाखतीच्या भीतीवर कॅनडातील ज्युली मॅकार्थी आणि रिचर्ड गॉफिन या संशोधकांनी 2004 मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यांनी ही भीती पाच प्रकारांत मांडली: बोलता येईल की नाही याची, आपण कसे दिसतो याची, समोरच्या माणसांशी वागण्याची, आपली कामगिरी कशी होईल याची, आणि हात थरथरणे, छाती धडधडणे अशा शरीरातून दिसणारी. हे वाचल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट झाली. यांतल्या बहुतेक गोष्टींवर मी एका मिनिटात काही करू शकत नाही. पण पुढे काय होणार हे माहीत नसल्यामुळे या सगळ्यांत जी भर पडते, ती मात्र मला कमी करता येते. म्हणून आमचे पहिले मिनिट गोडगोड गप्पांचे नसते. त्यात उमेदवाराला माहिती दिली जाते.

यापूर्वी मी ज्या ठिकाणी काम केले तेथे याच्या उलट पद्धत होती. उमेदवार दारात उभा राहून आत येण्याची परवानगी मागत असे, आणि आतले तिघेजण त्याचा अर्ज वाचत मान न वर करता ‘हं, या’ म्हणत. मग कुणीतरी इंग्रजीत स्वतःविषयी सांगायला सांगे, आणि तो पाठ केलेले चार परिच्छेद म्हणू लागे. मध्येच एखादे वाक्य अडले की पुढचे सगळेच हरवून जाई. अशा मुलांना ‘कम्युनिकेशन कमी’ असा शेरा मिळे. त्यांतल्या एका मुलाला नंतर आमच्या नव्या ठिकाणी पाहिले. तोच मुलगा मशीनवर उभा राहून सुपरवायझरला ठामपणे सांगत होता की या लॉटमधले बोअर ओव्हल झाले आहेत, डिस्पॅच थांबवा. त्याचे बोलणे आधीही कमी नव्हते.

आता आमच्याकडे काय होते ते क्रमाने सांगतो. मिनिट सुरू होते खोलीच्या बाहेर. गेटवरून आलेल्या उमेदवाराला आमचे ऑफिसचे मामा आधी हात-पाय धुण्याची जागा आणि स्वच्छतागृह दाखवतात आणि मगच बसायला सांगतात. हे मुलींच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे, आणि ते आमच्या लक्षात आणून दिले भरतीचे काम पाहणाऱ्या मॅडमनी. निपाणी-चिक्कोडीकडून दीड-दोन तासांचा प्रवास करून येणाऱ्या मुली सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वाटेत आणि पोहोचल्यावर सोय असेल की नाही याचा भरवसा नसतो. अशा मुलीसमोर आत गेल्यावर पाण्याचा ग्लास ठेवला तर ती ‘नको’च म्हणणार. तहान आणि कोरडा घसा घेऊनच ती उत्तरे देणार. स्वच्छतागृह कुठे आहे हे कळल्यावर मात्र त्याच मुली ग्लास उचलतात.

दुसरी गोष्ट नावाची. कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यांवर पुष्कळदा वडिलांचे नाव आणि आडनाव आद्याक्षरांत असते, त्यामुळे अर्जावरून माणसाला काय म्हणून हाक मारायची हे कळत नाही. मामा बाहेरच विचारून घेतात आणि चिठ्ठीवर लिहून आत देतात. मी दारापर्यंत जातो, ते नाव बरोबर उच्चारतो आणि ‘या’ म्हणतो. उठून दारापर्यंत जाण्याला दहा सेकंद लागतात, पण त्यामुळे ‘आत येऊ का’ हा प्रश्नच उरत नाही, आणि चार पावले बरोबर चालल्यामुळे तीन अनोळखी चेहऱ्यांसमोर एकट्याने चालत जाण्याचा प्रसंगही टळतो. त्या वेळी उरलेल्या दोघांनी अर्ज खाली ठेवलेला असला पाहिजे, हा आमचा आपसातला नियम आहे. अर्ज आदल्या दिवशी वाचायचा असतो.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पाणी देणे ही आपल्या घरांतली इतकी अंगवळणी पडलेली रीत आहे की त्यात काही विचार करण्यासारखे असेल असे वाटत नाही. घाबरल्यावर तोंडाला कोरड पडते ती कल्पनेतली नसते. शरीर धोक्याच्या तयारीत गेले की लाळ खरोखरच कमी होते, जीभ टाळ्याला चिकटते आणि शब्द अडखळतात. एक घोट पाण्याने ती अडचण लगेच कमी होते. शिवाय उत्तर देण्यापूर्वी घोट घेता आला तर विचार करायला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि ती शांतता कुणालाच अवघड वाटत नाही.

मात्र ‘पाणी घेणार का?’ असे विचारले तर आमच्या भागातला मुलगा दहापैकी नऊ वेळा ‘नको सर’ म्हणतो. मोठ्यांसमोर पहिल्या विचारण्याला नको म्हणायचे, हेच त्याला घरी शिकवलेले असते. म्हणून आम्ही विचारत नाही. पाणी आधीच ठेवलेले असते, चौघांच्या समोर सारखेच, आणि बसताना मी म्हणतो, ‘हे पाणी तुमच्यासाठी आहे, मध्ये केव्हाही घ्या.’ मग मी माझ्या ग्लासातले एक घोट पितो. मी प्यायल्यावर बहुतेक जण पितात. न पिणाऱ्याला पुन्हा आग्रह करायचा नाही. एकादशी असेल, रमजानचा रोजा असेल, सोमवारचा कडक उपास असेल, किंवा नुसती इच्छा नसेल. आग्रह केला की नकार देण्याचे कारण सांगायची वेळ त्याच्यावर येते, आणि आपण नको तिथे त्याचा धर्म किंवा व्रत विचारल्यासारखे होते.

भांडे कोणते, हेही बघावे लागते. सुरुवातीला आम्ही सीलबंद लहान बाटल्या ठेवत होतो, त्या दिसायला नीटनेटक्या होत्या. पण थरथरत्या, घामेजल्या हातांनी ते झाकण फिरत नाही. एका उमेदवाराने बाटली हातात घेतली, दोनदा फिरवून पाहिली आणि तशीच खाली ठेवली. नंतर त्याने त्या बाटलीकडे पाहिलेसुद्धा नाही. काठोकाठ भरलेला काचेचा ग्लासही तितकाच अडचणीचा असतो, कारण उचलताना सांडेल ही एक नवी काळजी त्याने तयार होते. आता आम्ही स्टीलचा रुंद बुडाचा पेला ठेवतो, अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला, आणि तो ड्रॉइंग ठेवण्याच्या जागेपासून लांब, उमेदवाराच्या उजव्या हाताशी. शेजारी एक सुती रुमालासारखे फडके असते. ते खरे तर मायक्रोमीटर पुसण्यासाठी असते, पण हात पुसण्यासाठीही चालते, हे मी सांगून टाकतो.

यानंतर मी जे बोलतो ते लिहून ठेवलेले आहे आणि प्रत्येक उमेदवाराला शब्दांत फारसा बदल न करता सांगितले जाते. ते असे आहे: ‘बसा. फाईल इथे टेबलावर ठेवा. मी तपासणी विभाग पाहतो, हे सर मशीनशॉप पाहतात आणि मॅडम भरतीचे काम पाहतात. आपल्याला साधारण पंचवीस मिनिटे लागतील. आधी तुम्ही शिकलेल्या कामाबद्दल बोलू, मग एक ड्रॉइंग बघू आणि एक जॉब मोजू. थोडे अवघड प्रसंगही विचारू. शेवटची पाच मिनिटे तुमच्या प्रश्नांसाठी राखून ठेवली आहेत, पण मध्येही कधी काही विचारावेसे वाटले तर तिथेच विचारा. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, जी सोयीची वाटेल त्या भाषेत बोला. मिसळून बोललात तरी चालेल. आम्ही मधूनमधून लिहून घेऊ, ते सगळ्यांचेच लिहितो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, त्याचे गुण कापले जात नाहीत. सुरू करण्याआधी, काम नेमके काय आहे ते आधी सांगू की कामाच्या वेळा सांगू?’

सावकाश बोलले तरी हे एका मिनिटाच्या आसपास होते. यात ‘घाबरू नका’ हे शब्द कुठेही नाहीत, आणि ते मुद्दामच वगळले आहेत. ते शब्द ऐकले की उमेदवाराला कळते की आपण घाबरलेलो आहोत हे समोरच्यांना दिसले आहे, आणि मग तो हात लपवण्यात, आवाज सावरण्यात गुंततो. लिहून घेण्याचे वाक्य मात्र आवर्जून ठेवले आहे. समोरचा माणूस अचानक पेन उचलून काही लिहू लागला की उमेदवाराला वाटते, आपले काहीतरी चुकले. आधी सांगून ठेवल्यावर तो लिहिणाऱ्या हाताकडे बघत बसत नाही. फाईल टेबलावर ठेवायला सांगण्याचे कारणही साधे आहे. प्लॅस्टिकची फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलेल्या माणसाला पाणी पिता येत नाही आणि हातवारे करून मशीन समजावून सांगता येत नाही.

भाषेचे वाक्य आमच्या सीमाभागात फार जपून बोलावे लागते. समोरच्याचे आडनाव पाहून ‘मराठीत बोला’ किंवा ‘कन्नडा बरुत्ता’, म्हणजे कन्नड येते का, असे म्हणणे सोपे असते, पण तसे केले की सुरुवातीलाच त्याला एका बाजूला बसवल्यासारखे होते. आमच्याकडे मराठी आडनावाची आणि कन्नड माध्यमात शिकलेली मुले येतात, आणि घरात कन्नड बोलणारी पण बेळगाव शहरात वाढल्यामुळे अस्खलित मराठी बोलणारीही येतात. म्हणून चारही भाषांची नावे प्रत्येकाला सांगायची आणि निवड त्याच्यावर सोडायची. मशीनशॉपच्या सरांचे कन्नड उत्तम आहे, माझे कामापुरते आहे. जो उमेदवार कन्नडमध्ये बोलतो त्याला पुढचे प्रश्न ते विचारतात. मायक्रोमीटर, टॉलरन्स, रनआउट हे शब्द सगळ्याच भाषांत तेच राहतात, त्यामुळे कामाच्या भागाला कुठे अडत नाही.

याच कारणाने आम्ही गाव विचारत नाही. ‘कुठल्या गावचे? तिथल्या अमक्यांचे कोण?’ ही आपल्याकडची सर्वांत सोपी सुरुवात आहे, आणि तिने काही जणांना खरोखर बरे वाटते. पण ज्याच्या गावात आपले पाहुणे निघतात त्याच्याशी दोन मिनिटे मोकळे बोलणे होते, आणि ज्याच्या गावात कुणी ओळखीचे नसते त्याच्याशी बोलणे तिथेच संपते. गावावरून, आडनावावरून, गल्लीवरून जात आणि भाषा कळते, हे आपण सगळे जाणतो. पहिल्या मिनिटात तयार झालेली आवड-नावड पुढच्या गुणांत झिरपते, आणि ती झिरपली आहे हे ज्याच्या मनात झिरपते त्याला कळत नाही. प्रवास कसा झाला हे विचारायला माझी हरकत नाही, पण ते मामा बाहेरच विचारतात.

आता शेवटच्या वाक्याबद्दल. ‘काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले तर उत्तर ‘नाही सर’ हेच येते. प्रश्न विचारणे म्हणजे आगाऊपणा, असे आमच्या शाळांमधून कळत-नकळत मनावर बिंबलेले असते, आणि नुसत्या परवानगीने ते जात नाही. म्हणून मी दोन पर्याय पुढे ठेवतो. दोन्ही निरुपद्रवी आहेत, दोन्हींची त्याला गरज आहे, आणि कोणताही निवडला तरी चूक होत नाही. ‘वेळा सांगा सर’ असे तो म्हणाला की मी तीनही शिफ्टच्या वेळा सांगतो आणि थांबतो. त्या थांबण्यात बहुतेक वेळा दुसरा प्रश्न येतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो: रात्रपाळी आठवड्याने बदलते का, पहिली बस सातला पोहोचते तर चालेल का, ट्रेनिंगच्या काळात पगार मिळतो का. एकदा त्याने स्वतः प्रश्न विचारला आणि त्याला सरळ उत्तर मिळाले की पुढच्या पंचवीस मिनिटांत तो न कळलेला प्रश्न पुन्हा विचारतो. नाहीतर न कळलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देतो, आणि आम्हाला वाटते त्याला विषयच येत नाही.

गेल्या पावसाळ्यातला एक उमेदवार सांगतो. जांबोटीच्या बाजूचा मुलगा, फिटर ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेला. त्या दिवशी पाऊस झोडपत होता आणि त्याच्या पँटचा खालचा भाग गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. मामांनी त्याची छत्री बाहेर ठेवून घेतली आणि अंग कोरडे करायला टॉवेल दिला. आत आला तेव्हा त्याने खुर्चीच्या अगदी कडेला बसून इंग्रजीत सुरुवात केली: ‘सर, आय अ‍ॅम…’ मी काहीच विचारलेले नव्हते. मी त्याला अडवले नाही. त्याचे वाक्य संपू दिले, मान हलवली, आणि माझे ठरलेले बोलणे सुरू केले. भाषांची नावे आली तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. फाईल टेबलावर गेली. पाणी मात्र त्याने घेतले नाही.

‘काम आधी सांगा,’ तो म्हणाला. मी सांगितले की टर्निंग होऊन आलेले शाफ्ट मोजायचे, नोंद करायची आणि मापात नसलेले बाजूला काढायचे. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मशीनशॉपचे सर काही बोलणार होते, त्यांना मी हातानेच थांबा म्हणालो. मग तो म्हणाला, ‘मायक्रोमीटर डिजिटल हाय की साधा, सर? आमच्याकडं साधाच होता.’ साधा आहे असे सांगितल्यावर तो मागे सरकून खुर्चीला टेकून बसला, आणि त्यानंतर पेला उचलून अर्धा रिकामा केला. पाणी ठेवल्यापासून त्याने ते पिईपर्यंत दीड-दोन मिनिटे गेली असतील. पाणी त्याला त्याच्या वेळेला मिळाले, कारण ते समोर होते आणि पुन्हा मागावे लागले नाही.

आमच्या बाजूचा पहिला प्रश्न आम्ही मुद्दाम सोपा, वस्तुस्थितीचा ठेवतो: आयटीआयमध्ये सर्वांत जास्त वेळ कोणत्या मशीनवर काम केले आणि त्यावर काय बनवले? ‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात कुठून सुरू करायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवण्याचे सगळे ओझे उमेदवारावर पडते. या मुलाने बेंच व्हाइसवर हाताने कानस मारून बनवलेल्या चौकोनी जोडाचे वर्णन केले, आणि कुठल्या बाजूला फट राहिली होती तेही सांगितले.

मग जॉब. 20 मिलिमीटरचा शाफ्ट, ड्रॉइंगवर मर्यादा 19.97 ते 20.00. आम्ही जो मायक्रोमीटर देतो त्यात मुद्दाम थोडी चूक ठेवलेली असते: तोंड पूर्ण बंद केल्यावर तो शून्याऐवजी 0.02 दाखवतो. ज्याने झिरो तपासला नाही त्याला 20.01 दिसते आणि तो जॉब नाकारतो. या मुलाने आधी फडक्याने हात पुसले, मग मायक्रोमीटरची दोन्ही टोके पुसली, तोंड बंद केले, रॅचेट तीनदा वाजवली आणि माझ्याकडे पाहून विचारले, ‘सर, ह्येचा झिरो दोन पुढं हाय. वजा करून सांगू का तुम्ही दुसरा देताय?’ मी त्याला म्हटले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. त्याने शाफ्ट तीन ठिकाणी मोजला, 20.01 वाचले, त्यातून 0.02 वजा केले आणि 19.99 म्हणून जॉब ठेवला. बोटे त्याची अजूनही किंचित थरथरत होती. पण तो विचारत होता. झिरोबद्दलचा तो प्रश्न इन्स्पेक्टरच्या कामाचा गाभा आहे, आणि पहिल्या मिनिटात त्याने मायक्रोमीटरबद्दल विचारले नसते तर हा प्रश्नही त्याने गिळला असता, असे मला वाटते. मी हे सिद्ध करू शकत नाही. परंतु झिरो चुकलेला दिसूनही न बोलता मोजत राहिलेले उमेदवार मी पाहिले आहेत. नंतर विचारले तर ते सांगत की दिसले होते, पण उपकरण तुम्ही दिले होते म्हणून बोललो नाही.

मशीनशॉपच्या सरांचा या सगळ्याला सुरुवातीला विरोध होता, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ते म्हणत, फ्लोअरवर दबाव असतोच. जो इथे तीन माणसांना घाबरतो तो महिनाअखेरीस डिस्पॅचच्या घाईत सुपरवायझरसमोर कसा उभा राहणार? मी त्यांना विचारले की फ्लोअरवर अनोळखी तीन माणसे टेबलामागे बसून कधी प्रश्न विचारतात का. तिथला दबाव वेगळा असतो: ओळखीचा, वयाने मोठा माणूस म्हणतो, ‘जाऊ दे रे, एवढ्याने काय होतंय,’ आणि त्याला नाही म्हणायचे असते. तो दबाव तपासायचा असेल तर त्याचाच प्रश्न विचारावा. आता आम्ही तो विचारतो, मुलाखतीच्या उत्तरार्धात, आणि तोही सरच विचारतात. प्रसंग सांगतात, सुपरवायझर होऊन बोलतात आणि उमेदवार काय करतो ते बघतात. शांत सुरुवात आणि कठीण प्रश्न यांत विरोध नाही, हे त्यांनी मान्य केले. अट एवढीच की कठीण प्रश्न येणार हेही आधी सांगितलेले असावे, नाहीतर सुरुवातीचा जिव्हाळा फसवा ठरतो. म्हणून ‘थोडे अवघड प्रसंगही विचारू’ हे वाक्य त्यांच्या सूचनेवरून माझ्या बोलण्यात नंतर आले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पहिल्या मिनिटाला गुण नाहीत, असे आम्ही लिहून ठेवले आहे. कोण हसला, कोणी पाणी घेतले, कोणी प्रश्न विचारला, यांची नोंद होत नाही, गुणपत्रिकेचा पहिला रकाना आयटीआयच्या कामापासून सुरू होतो. तरीही मोकळेपणाने बोलणारा आपल्याला आवडतोच, आणि ते पूर्ण टाळता येत नाही. म्हणून तिघेही आपापले गुण आधी लिहितात आणि मगच एकमेकांशी बोलतात. काही उमेदवार या सुरुवातीनेही सैल होत नाहीत. त्यांची लक्षणे कळतात: उत्तरे एका शब्दाची, नजर टेबलावर, पेल्याला हात नाही. अशा वेळी गप्पा वाढवून उपयोग होत नाही, उलट ताण लांबतो. मग आम्ही क्रम बदलतो आणि जॉब आधी हातात देतो, कारण हाताला ओळखीचे काम मिळाले की काही जणांची जीभ आपोआप सुटते. हा बदल केल्याची नोंद मात्र करतो, म्हणजे तुलना करताना ते लक्षात राहते.

आयटीआयमध्ये जाऊन एका दिवसात पुष्कळ मुलांच्या मुलाखती घ्यायच्या असतात तेव्हा प्रत्येकाला दहाच मिनिटे मिळतात आणि त्यातले एक मिनिट सुरुवातीला देणे परवडत नाही, असे सरांचे म्हणणे होते. तिथे आम्ही कार्यक्रम, भाषा आणि लिहून घेण्याबद्दलचे बोलणे सकाळी सगळ्यांना वर्गात एकत्र सांगतो, मायक्रोमीटर साधा आहे हेही सांगतो आणि प्रश्न तिथेच घेतो. एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तीस जणांना मिळते. आत आल्यावर मग नाव, पाणी आणि ‘सकाळी सांगितले त्यात काही राहिले का, वेळा की काम?’ एवढेच उरते. त्याला पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि तेवढे सरांनी मंजूर केले आहेत.